पूड झालेली साल आपले नाव सांगत नाही: दालचिनी विकणाऱ्यांना खुले पत्र

दालचिनीची पाकिटे भरणाऱ्या, त्यांवरची लेबले लिहिणाऱ्या आणि त्यांचे फोटो काढून विक्रीला लावणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

मी वनस्पतीशास्त्र शिकवते. वाळलेली साल, मूळ किंवा पान कोणत्या झाडाचे आहे हे आधी डोळ्यांनी आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली कसे ओळखायचे, हा माझा रोजचा विषय. त्यामुळे ओळखीपाळखीतून माझ्याकडे सतत फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते: "ही खरी दालचिनी आहे का?" कधी दोन सेकंदांत उत्तर देता येते, कधी देताच येत नाही. देता येत नाही तेव्हा बहुतेक वेळा फोटो चुकीच्या बाजूने काढलेला असतो, नाहीतर लेबल गप्प असते. या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत, म्हणून हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

निमित्त एका पाकिटाचे झाले. माझी एक मैत्रीण रोज सकाळी कोमट पाण्यात चमचाभर दालचिनीची पूड घालून पिते. रक्तातली साखर आटोक्यात राहते असे तिने कुठेतरी वाचले होते. तो दावा खरा की खोटा, या वादात इथे शिरत नाही. तिने मला पाकीट आणून दिले आणि विचारले, "एवढी रोज घेतली तर चालेल ना?" पाकिटावर सुंदर फोटो होता. दोऱ्याने बांधलेल्या फिकट, नाजूक सुरळ्यांची एक जुडी आणि शेजारी वाटीभर पूड. फोटोतल्या सुरळ्यांची टोके कॅमेऱ्याकडे होती आणि त्यांत कागदासारखे पातळ थर एकमेकांत गुंडाळलेले स्पष्ट दिसत होते. ती श्रीलंकेची दालचिनी होती, शंकाच नाही. पाकिटाच्या मागे मात्र एवढेच लिहिलेले: "घटक: दालचिनी." झाडाचे नाव नाही, पिकले कुठे ते नाही. फक्त पाकीट कुठे भरले तो पत्ता.

आतली पूड फोटोतल्या झाडाची नव्हती. हे मला कसे कळले ते पुढे सांगते. त्याआधी त्या सुरळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण दालचिनी ओळखण्याची सगळी गोम सुरळीच्या टोकात आहे.

दालचिनी या एका नावाखाली बाजारात मुख्यतः चार झाडांच्या साली येतात. सिनॅमोमम व्हेरम हे श्रीलंकेचे झाड. त्याचेच जुने शास्त्रीय नाव सिनॅमोमम झेलॅनिकम. हिला खरी दालचिनी किंवा सिलोन दालचिनी म्हणतात. उरलेली तिन्ही कॅसिया या गटात मोडतात. चीनमधली सिनॅमोमम कॅसिया, इंडोनेशियातली सिनॅमोमम बर्मानी आणि व्हिएतनाममधली सिनॅमोमम लोरेरॉय. चारही एकाच वंशातली, सख्खी चुलत भावंडे म्हणावीत अशी. दालचिनी हा शब्द मुळात फारसी दारचिनीवरून आला आहे आणि त्याचा अर्थ 'चिनी लाकूड' असा होतो. म्हणजे नावापुरते बोलायचे तर कॅसियाचा हक्क जुनाच आहे. कॅसिया ही भेसळ नाही. ती अस्सल मसाल्याची साल आहे, तिचा वास जास्त दणकट असतो आणि अनेकांना तीच आवडते. माझी तक्रार कॅसिया विकण्याबद्दल नाही. कॅसिया विकताना ती कॅसिया आहे हे न सांगण्याबद्दल आहे.

श्रीलंकेतले कारागीर साल काढतात ती पद्धत पाहिली की टोक का बोलते हे लगेच समजते. कोवळ्या फांद्या तोडायच्या, वरची खडबडीत तपकिरी साल खरवडून पूर्ण काढून टाकायची, मग फांदीवर पितळी दांडी घासून आतली साल सैल करायची आणि ती अलगद सोडवून घ्यायची. ही आतली साल इतकी पातळ असते की एकटी टिकणार नाही. म्हणून एका सालीत दुसरी, दुसरीत तिसरी अशा साली बसवत जातात, मध्ये लहान तुकडे भरतात आणि लांब सुरळी करून सावलीत वाळवतात. वाळताना सगळे थर एकमेकांना घट्ट धरून बसतात. अशी सुरळी आडवी कापली की टोकाला गुंडाळलेल्या वर्तमानपत्रासारखे थर दिसतात, आणि मधली पोकळी जवळजवळ भरलेली असते. बोटांनी दाबली तर ती चुरते.

कॅसियाची साल जाड असते, साधारण १ ते ३ मिलिमीटर. तिला कुणाच्या आधाराची गरज नसते. वाळताना तिच्या दोन्ही कडा आत वळतात आणि एकमेकींसमोर येऊन थांबतात. दोन्ही बाजूंनी गुंडाळलेली पोथी जशी दिसेल, तसे तिचे टोक दिसते. साल एकच, मध्ये मोकळी पोकळी. ती बोटांनी मोडत नाही, मोडलीच तर कट्कन आवाज होतो. चिनी कॅसिया पुष्कळदा सुरळीही नसते. सपाट किंवा पन्हळीसारखे तुकडे असतात आणि वरची करडी खरखरीत साल तशीच राहिलेली असते.

तेव्हा फोटोत बघायचे ते टोक, आणि त्यातही एकच गोष्ट: थर किती आहेत. एक जाड थर असेल तर कॅसिया. अनेक पातळ थर असतील तर खरी दालचिनी. हे ज्याला एकदा दिसले त्याला पुन्हा शिकवावे लागत नाही. आणि नेमके हेच बहुतेक फोटोंत दिसत नाही. सुरळ्या आडव्या मांडलेल्या असतात, वरून कॅमेरा धरलेला असतो, बाजूला चक्रीफूल आणि वाळलेली संत्र्याची चकती. दिसायला छान, पण ओळख पटवायला उपयोग शून्य.

रंगावर मी कधीच निकाल देत नाही. खरी दालचिनी फिकट बदामी आणि कॅसिया तांबूस गडद, हे हातात घेतल्यावर बऱ्याच अंशी खरे आहे. फोटोत मात्र पिवळा दिवा, खिडकीचा उजेड आणि मोबाइलचा फिल्टर मिळून कुठलाही रंग कुठेही नेतात. माझ्या विद्यार्थ्यांना मी एकाच कॅसियाच्या कांडीचे दोन प्रकारच्या दिव्यांखाली काढलेले दोन फोटो दाखवते, आणि वर्गातले अर्धे जण दर वेळी त्यांतल्या एकीला श्रीलंकेची ठरवतात.

सर्वांत जास्त फसवते ती इंडोनेशियाची कांडी. ती स्वच्छ खरवडलेली असते, गुळगुळीत असते, सुबक कापलेली असते. तिच्या पातळ कांड्या बाजूने पाहिल्या तर भल्याभल्यांना खऱ्या वाटतात. अशा वेळी फोटोत शेजारी मोजपट्टी हवी, म्हणजे सालीची जाडी कळते. आणि टोकाचा फोटो हवा, म्हणजे एक थर की अनेक ते कळते. उलटीही चूक होते, तीही सांगते. श्रीलंकेच्या मालात सुरळीच्या जाडीप्रमाणे प्रती असतात. सर्वांत बारीक ती अल्बा, तिचा व्यास ६ मिलिमीटरच्या आत. खालच्या प्रतीच्या सुरळ्या जाड, ओबडधोबड आणि गडद दिसतात. त्या पाहून "ही कॅसिया" असा शेरा मारणारे मी पाहिले आहेत. तिथेही थर मोजले की वाद मिटतो. बारीक तुकड्यांचा ढीग असेल तर मात्र मी फोटोवरून काहीच सांगत नाही. नुसत्या तुकड्यांवरून खात्रीने सांगतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता पूड. पूड झाली की थरही गेले, टोकही गेले. वाटीतल्या तपकिरी भुकटीचा फोटो हा फक्त तपकिरी भुकटीचा फोटो असतो. मैत्रिणीच्या पाकिटाबाबत मी आधी घरगुती गोष्टी करून पाहिल्या. पाव वाटी गरम पाण्यात चमचाभर पूड ढवळून ठेवली. दहा-पंधरा मिनिटांत पाणी दाट आणि बुळबुळीत झाले, चमचा उचलला तर धार ओघळत येईना, लोंबत राहिली. कॅसियात बुळबुळीत द्रव्य आणि पिठूळ अंश जास्त असतो, त्यामुळे असे होते. मग पूड थोडी उकळून, गाळून, निवलेल्या पाण्यात आयोडीनचे दोन थेंब टाकले. पाणी गर्द निळे झाले. चांगल्या प्रतीच्या खऱ्या दालचिनीत हा रंग नावापुरता येतो. शेजारी माझ्याकडच्या, स्वतः कुटलेल्या खऱ्या सुरळीच्या पुडीवर तेच केले होते. तुलनेला दुसरा नमुना नसेल तर या दोन्ही चाचण्यांवर फार विसंबू नये, कारण किती निळा म्हणजे गर्द, हे एकट्या पेल्याकडे बघून ठरत नाही. शिवाय दोन्ही पुडी मिसळलेल्या असतील किंवा त्यात तांदळाचे पीठ घातलेले असेल, तर आयोडीन काहीही दाखवील.

खात्री पटली ती सूक्ष्मदर्शकाखाली. खऱ्या दालचिनीतले पिष्टाचे कण फार बारीक असतात, १० मायक्रोमीटरच्या वर क्वचितच जातात. कॅसियाचे कण त्याहून मोठे, १० ते २० च्या दरम्यानचे. या पुडीत मोठे कण भरपूर होते, शिवाय बाहेरच्या सालीच्या, म्हणजे बुचाच्या पेशींचे तुकडेही होते. नीट खरवडलेल्या सिलोन दालचिनीत त्यांचे काही काम नाही. चारही बाजूंनी एकच उत्तर येत होते. ती कॅसिया होती. तीन कॅसियांपैकी नेमकी कोणती, हे मी सांगू शकले नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत रासायनिक किंवा डीएनए तपासणी लागते. पण एक विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही. चमचाभर मसाला कोणत्या झाडाचा आहे हे कळायला गिऱ्हाइकाने सूक्ष्मदर्शक विकत घ्यायचा का?

मी त्या पाकीटवाल्यांना लिहिले. उत्तर नम्र होते: "दोन्हींना दालचिनीच म्हणतात." बरोबर आहे. अमेरिकेसह अनेक ठिकाणी कॅसियाला नुसते दालचिनी म्हणून विकणे नियमात बसते. पण मैत्रिणीचा प्रश्न नावाचा नव्हताच. "एवढी रोज घेतली तर चालेल का" हा तिचा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर झाडागणिक बदलते. त्याचे कारण कुमारिन.

कुमारिन हे वनस्पतींत आपसूक तयार होणारे एक सुगंधी द्रव्य आहे. नुकत्या कापलेल्या गवताला जो गोडसर वास येतो, त्यात ते असते. त्याचे नाव पडले टोंका बी देणाऱ्या दक्षिण अमेरिकी झाडाच्या स्थानिक नावावरून. वास इतका लोभस की एकेकाळी ते खाद्यपदार्थांत मुद्दाम घालत असत. जनावरांवरच्या प्रयोगांत यकृताला इजा दिसल्यावर अमेरिकेने १९५४ साली खाद्यपदार्थांत कुमारिन घालण्यावर बंदी आणली. पुढे कुमारिन औषध म्हणून वापरले गेले तेव्हा काही थोड्या रुग्णांमध्ये यकृताची एन्झाइमे वाढलेली आढळली. बहुतेकांच्या शरीरात कुमारिनचे एका निरुपद्रवी द्रव्यात रूपांतर होऊन ते लघवीवाटे निघून जाते. काहींचे यकृत मात्र त्याला जास्त संवेदनशील असते. आपण त्यांतले आहोत की नाही हे आधी कळायचा साधा मार्ग नाही. औषध थांबवले की बहुतेकदा यकृत पूर्ववत होते, हीही त्यातली महत्त्वाची बाजू आहे.

एक गैरसमज इथेच दूर करते, कारण तो शिकलेल्या लोकांतही आहे. कुमारिन म्हणजे रक्त पातळ करणारे औषध नव्हे. ती औषधे, वॉरफेरिन वगैरे, कुमारिनच्या रासायनिक कुळातली आहेत, आणि त्यांचा शोध बुरशी लागलेल्या गोड क्लोव्हर गवतामुळे लागला. ते गवत खाऊन गुरांचे रक्त गोठेनासे झाले होते. बुरशीने गवतातल्या कुमारिनपासून डायकुमारोल नावाचे वेगळे द्रव्य बनवले होते. आपल्या पुडीतल्या कुमारिनबद्दलची काळजी यकृताची आहे.

युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २००४ साली रोज, आयुष्यभर घेतली तरी चालेल अशी मर्यादा ठरवली: शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम. २००८ साली त्यांनी पुन्हा पाहणी करून तीच कायम ठेवली, आणि आठवडा-दोन आठवडे तिच्या तिपटीपर्यंत गेले तरी चिंतेचे कारण नाही असेही म्हटले. म्हणजे सणावाराला एखादा दालचिनी घातलेला पदार्थ भरपेट खाल्ला म्हणून कुणी घाबरायचे नाही. प्रश्न आहे तो रोजच्या चमच्याचा.

आणि आता दोन सालींतला फरक. जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने, म्हणजे बीएफआरने, हिशेबाला धरलेला कॅसियाचा आकडा आहे किलोमागे सुमारे ३,००० मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅममध्ये ३ मिलिग्रॅम. खऱ्या दालचिनीचा आकडा किलोमागे ८ ते १७ मिलिग्रॅम इतकाच. फरक दुप्पट-तिप्पट नाही, काहीशे पटींचा आहे. एका मसाल्याची ही एक प्रत आणि ती दुसरी, असे म्हणून हा फरक झाकता येणार नाही.

मैत्रिणीचा हिशेब मी तिच्यासमोर बसून केला. तिचे वजन ५५ किलो, म्हणजे दिवसाची मर्यादा साडेपाच मिलिग्रॅम. तिचा चमचा तराजूवर ठेवला, सपाट भरून अडीच ग्रॅम. पूड सरासरी कॅसिया धरली तर अडीच गुणिले तीन, साडेसात मिलिग्रॅम. मर्यादेच्या वर, आणि तेही रोज. बरे, ही सरासरी झाली. कॅसियातले कुमारिन फार कमीजास्त असते, अगदी एकाच झाडाच्या वेगवेगळ्या भागांतल्या सालीतही. ग्रॅममागे ७ मिलिग्रॅमपर्यंतचे नमुने तपासण्यांत आढळले आहेत. तसे पाकीट हाती लागले तर तोच चमचा साडेसतरा मिलिग्रॅमचा होतो, मर्यादेच्या तिपटीहून जास्त. आणि फोटोत दाखवलेली सिलोन दालचिनी खरेच आत असती तर? अडीच ग्रॅमला फार तर ०.०४ मिलिग्रॅम. मोजायलाही किरकोळ. लहान मुलांचे गणित तर आणखी तंग आहे. १५ किलोच्या मुलाची मर्यादा दीड मिलिग्रॅम, म्हणजे सरासरी कॅसिया अर्धा ग्रॅम. चमच्याच्या टोकावर बसेल एवढीच.

एवढे ऐकून तिने विचारले, "मग हे पाकिटावर का नाही लिहिले?" माझ्याकडे याचे उत्तर नव्हते, म्हणून तो प्रश्न तिच्या वतीने तुम्हाला विचारते आहे.

"आम्हाला तरी कुठून कळणार, आम्हाला पूडच येते," असे तुमच्यातले काही म्हणतील. हे खरे आहे आणि दुखणे तिथेच आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारात मालाला जे जकातीचे क्रमांक असतात, त्यांत अखंड सालीसाठी दोन वेगळे क्रमांक आहेत: खऱ्या दालचिनीचा ०९०६११ आणि बाकीच्यांचा ०९०६१९. पण साल कुटली किंवा दळली की दोन्ही एकाच क्रमांकात जातात, ०९०६२०. चक्कीत फक्त थर जात नाहीत, कागदावरचे नावही जाते. ज्या क्षणी डोळ्याला ओळख पटेनाशी होते, नेमक्या त्याच क्षणी कागदही गप्प होतो. म्हणून चक्कीच्या आधीचा कागद मागायला हवा: अखंड साल कोणत्या क्रमांकाखाली आली, कोणत्या देशातून आली. तुमच्या पुरवठादाराला हे माहीत असते. मोठ्या व्यापारात साल कुणी डोळे झाकून घेत नाही. दर वेगळे असतात, आणि दोन्हींची आंतरराष्ट्रीय मानकेही वेगवेगळी आहेत: खऱ्या दालचिनीचे आयएसओ ६५३९, कॅसियाचे ६५३८. माहिती पुरवठादारापर्यंत असते, तुमच्यापर्यंत येते किंवा यायला हवी, आणि गिऱ्हाइकापर्यंत पोचायच्या आत गळून पडते.

युरोपात २००८ च्या नियमाने तयार पदार्थांतल्या कुमारिनला मर्यादा घातल्या आहेत. दालचिनीच्या नावाने विकल्या जाणाऱ्या पारंपरिक आणि सणाच्या बेकरी पदार्थांना किलोमागे ५० मिलिग्रॅम, गोडाच्या इतर पदार्थांना ५ पर्यंत खाली. पण मसाल्याच्या सुट्या पाकिटाला त्यात मर्यादा नाही. म्हणजे भाजलेल्या पदार्थातल्या चिमटीवर पहारा आहे आणि जी पूड माणूस स्वतः चमच्याने घेतो तिच्यावर नाही. तिथे एकच पहारेकरी उरतो, तो म्हणजे पाकिटावरची ओळ.

सध्याच्या लेबलांवरून गिऱ्हाईक काय काढू शकते, हेही पाहा. 'सायगॉन', 'कोरिंत्जे', 'पदांग' असे शब्द असतील तर ती कॅसिया. पहिली व्हिएतनामची, पुढच्या दोन इंडोनेशियाच्या. चीन, व्हिएतनाम, इंडोनेशिया हे उगमस्थान लिहिले असेल तरी जवळजवळ निश्चित कॅसिया. 'सिलोन दालचिनी' या नावाला युरोपीय संघाने २०२२ साली भौगोलिक संकेताचे संरक्षण दिले, त्यामुळे ते चिन्ह असेल तर भरवसा ठेवता येतो. पण 'शुद्ध', 'अस्सल', 'सेंद्रिय', 'उत्कृष्ट', 'तेलाचे प्रमाण जास्त' यांपैकी एकही शब्द झाडाविषयी काही सांगत नाही. सेंद्रिय कॅसियातही कुमारिन तेवढेच असते, कारण ते कुणी बाहेरून फवारलेले नाही, झाडाने स्वतः तयार केलेले आहे. तेलाच्या मोठ्या आकड्याची जाहिरात तर बहुधा कॅसियाचीच असते. आणि 'अमुक ठिकाणी पॅक केले' या ओळीचा उगमाशी संबंध नाही. मैत्रिणीने तीच ओळ वाचून माल तिथलाच असल्याचे धरले होते.

माझे मागणे मोठे नाही. पुडीच्या पाकिटावर झाडाचे शास्त्रीय नाव आणि साल पिकली तो देश लिहा. कॅसिया असेल तर शेजारी एक ओळ टाका की ही रोज मोठ्या प्रमाणात घेण्यासाठी नाही. ६० किलोच्या माणसाला रोज २ ग्रॅम ही बीएफआरने काढलेली मर्यादा तिथे सहज बसते. लोकांना चमच्याचे माप जास्त कळते, तर त्या मर्यादेच्या आत नक्की राहणारा अर्धा चमचा म्हणा. मिश्रण असेल तर मिश्रण लिहा. पुढच्या खेपेला झाड बदलले तर लेबलही बदला. नेहमीच्या पाकिटात दुसरी साल आली हे वासावरून ओळखणारी माणसे फार थोडी असतात.

फोटोंचे म्हणाल तर, अखंड सालीच्या पाकिटासाठी एक फोटो टोकाचा काढा, दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून, आणि त्याच खेपेच्या मालाचा. सजावटीचे फोटो हवे तेवढे लावा, त्याला माझी हरकत नाही. पुडीच्या पाकिटावर मात्र सुरळ्यांचा फोटो छापायचा असेल, तर आतल्या झाडाच्याच सुरळ्या छापा. कॅसियाच्या पुडीवर कॅसियाची जाड कांडी दिसू द्या. ती काही कमी देखणी नसते.

मैत्रीण आता कॅसिया अधूनमधून, पदार्थात चिमूटभर वापरते, आणि तिचा वास तिला अजूनही आवडतो. रोजच्या पाण्यासाठी तिने अखंड सुरळ्या आणल्या. विकत घेण्याआधी तिने विक्रेत्याकडे टोकाचा फोटो मागितला आणि तो मला न पाठवता स्वतःच झूम करून थर मोजले. "सात तरी दिसतात," असे तिने मला नंतर कळवले. ते जुने पाकीट माझ्या टेबलावर आहे. त्याच्या मागे मी पेनने एक ओळ लिहून ठेवली आहे, वर्गात दाखवायला. ती तुम्ही जशीच्या तशी छापलीत तरी चालेल: "घटक: कॅसिया दालचिनीची पूड (झाडाचे शास्त्रीय नाव, उगमाचा देश). कुमारिन असते, रोज अर्ध्या चमच्याहून जास्त घेऊ नये, लहान मुलांना त्याहून बरीच कमी."

आपली,
वनस्पतीशास्त्राची एक शिक्षिका